कोशातलं यमक आणि कोपीतला शब्द

प्रश्न : माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्यावर अभंगाच्या चालीत काही लिहितोय. यमक अडलं की फोनवर यमकांची यादी काढतो, शब्द साधा वाटला की समानार्थी शब्द बघतो. कविता बसते, पण आईला वाचून दाखवली तर म्हणाली, "चांगलंय, पण ह्ये तू लिव्हल्यावानी नाही वाटत." मग ही साधनं वापरायचीच नाहीत का? आणि वापरायची तर कशी?

उत्तर :

वापरा. मी वीसेक वर्षं वापरतोय, आणि माझीही सुरुवात तुमच्यासारखीच झाली. आमच्या घरातही कोयता होता, म्हणून उदाहरण माझ्याच जुन्या वहीतलं देतो. उसाचा हंगाम सुरू होताना घर सोडून निघण्यावर मी एक कडवं लिहिलं होतं:

घेतले अग्रिम । सोडला संसार ।
जीव निराधार । झाला माझा ॥

सहा-सहा-सहा-चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. नामदेव-जनाबाईंपासून चालत आलेला मोठा अभंग, मोजायला गेलं तर चूक कुठंच नाही. गावातल्या सप्ताहात रात्री हे म्हटलं. खाली उतरलो तर चुलत्याच्या घरातली एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "लेकरा, तुझी निराधारची फाईल मंजूर झाली व्हय?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्याकडं 'निराधार' म्हणजे दर महिन्याला बँकेत येणारे पैसे. तहसीलला अर्ज करायचा, हयातीचा दाखला द्यायचा, मग ते मिळतात. शब्दाला गावात एक घर आहे आणि तिथं तो रोज राहतो. मी मात्र तो यादीतून उचलला होता, कारण '-ार' ला तो बसत होता. यादीत त्याच्या शेजारी संसार, आधार, अंधार, लाचार, अपार, साकार असे सगळे एका पंगतीत बसलेले होते. यातला कोणताही उचला, कडवं तयार.

पण बिघाड त्या एका शब्दानं होत नाही. बाहेरून आलेला शब्द शेजाऱ्यांनाही आपल्यासारखं वागायला लावतो. माझा पहिला खर्डा असा होता:

घेतली उचल । सोडलं शिवार ।
कुलपाचं दार । मागं ऱ्हालं ॥

मला वाटलं 'दार' फार साधं झालं, म्हणून यादी उघडली. 'निराधार' आला. तो आल्यावर 'कुलपाचं' जाऊन तिथं 'जीव' आला, कारण निराधार व्हायला कोणीतरी लागतं. जीव आल्यावर 'मागं ऱ्हालं' बसेना, मग 'झाला माझा' आलं. दुसऱ्या चरणात 'शिवार' आता बुटकं दिसायला लागलं, त्याचा 'संसार' झाला. शेवटी 'उचल' सुद्धा गावंढळ वाटली आणि समानार्थी शब्दांतून 'अग्रिम' काढला. एका यमकापायी कुलूप गेलं, दार गेलं, शिवार गेलं, आणि 'ऱ्हालं' म्हणणारं तोंडही गेलं. आईला जे जाणवलं ते बहुधा हेच आहे. तिला एखादा शब्द खटकला नसेल, बोलणारा माणूस बदललेला खटकला असेल.

हे स्वतःचं स्वतःला ओळखायचं तर कवितेच्या चरणांचे फक्त शेवटचे शब्द एका कागदावर खाली खाली लिहा आणि तेवढेच वाचा. उचल, शिवार, दार, ऱ्हालं. हे शब्द वाचले की कोण कुठून निघालंय याचा अंदाज येतो. अग्रिम, संसार, निराधार, माझा. हे वाचून ही कविता लातूरची की रत्नागिरीची, मजुराची की मास्तराची, काहीच कळत नाही. दुसरी खूण क्रियापदांत असते. तुम्ही घरात 'सोडलं, केलं, ऱ्हालं' बोलता आणि कवितेत 'सोडले, केले, राहिले' झालं असेल, तर कुठला शब्द आल्यावर ते झालं हे मागं जाऊन शोधा. तो शब्द सापडतोच.

आता यमकाच्या यादीबद्दल. मराठीत या साधनांची एक मोठी अडचण आहे. यादीत असतात कोशातले मूळ शब्द, आणि आपण बोलतो प्रत्यय लागलेले. कोशात 'घर' असतं, ओळीत 'घरात, घराला, घरचं' येतं. कोशात 'करणे, जाणे, गाणे' असतं, आपल्या तोंडी 'करणं, जाणं, गाणं' असतं. म्हणजे 'णं' चं यमक शोधायला गेलात तर यादी रिकामी, आणि 'णे' चं शोधलंत तर हजार शब्द मिळतात, पण त्यातला एक घेतला की अख्खी ओळ पुस्तकी 'णे' मध्ये शिरते. चपटेपणाची सुरुवात पुष्कळदा इथंच होते, आणि ती लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

शिवाय यादी लिपी बघते, कान बघत नाही. 'वाचा' म्हणजे वाणी आणि 'वाचा' म्हणजे पुस्तक वाचा, दोन्ही कागदावर एकच, पण च वेगळा. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च म्हणून बघा. जुन्या कवितेनं हा फरक चालवून घेतला आहे, मीही चालवून घेतो, पण म्हणून दाखवायची रचना असेल तर आधी तोंडानं म्हणून बघतो. उलट बाजूनं, तुमच्या घरात 'पाणी' ला 'पानी' म्हणत असतील तर तुमच्याकडं जी यमकं जुळतात, ती कुठलीच यादी दाखवणार नाही.

म्हणून मी यादी सगळ्यात शेवटी उघडतो. यमक अडलं की आधी तिथं रेघ मारतो आणि पुढं जातो. खर्डा पुरा झाला की रेघांकडं परत येतो आणि बाराखडी चालवतो. '-ार' हवं असेल तर क पासून निघायचं : कार, खार, गार, घार, चार, ठार, तार, दार, धार, पार, फार, भार, मार, वार, हार. मग पुढं एक अक्षर जोडून तीच फेरी. याला पाच मिनिटं लागतात आणि जे शब्द येतात ते तुमचेच असतात, कारण ते तुमच्याच डोक्यातून आलेले असतात. 'दार' मला असाच मिळाला होता. त्याला मी साधा समजलो, तिथं माझं चुकलं.

त्यानंतर यादी. तिचं खरं काम विसरलेला शब्द परत आणून देणं. मी '-ार' ची यादी चाळली तेव्हा 'शेजार' आणि 'भुसार' हे दोन शब्द समोर आले. बाराखडीत ते आले नव्हते, पण 'भुसार' मी मोंढ्यात लहानपणापासून ऐकलेला, दुकानांच्या पाट्यांवर वाचलेला. असे शब्द घ्यायचे. प्रत्येक शब्दापुढं मी एकच प्रश्न विचारतो : हा मी कोणाच्या तोंडून ऐकलाय? माणूस आठवला पाहिजे. आजी, मुकादम, कीर्तनकार, शाळेतले गुरुजी, कोणीही चालेल. 'अपार' म्हटल्यावर मला कीर्तनकार आठवतात, म्हणून विठ्ठलावरच्या अभंगात तो मी घेईन. कोपीवरच्या कडव्यात नाही, कारण कोपीत तो कोणी बोललेलं नाही. माणूसच आठवला नाही तर शब्द खोडायचा, मग तो कितीही चपखल बसो.

यातून सुटका होते ती बऱ्याचदा शब्द हलवून, आणि इथं मराठी आपल्याला फार मोकळीक देते. एक उदाहरण पूर्ण सांगतो. मला 'उसाचं पाचट' शेवटी घेऊन चरण लिहायचा होता. सहा अक्षरं बरोबर. पण 'पाचट' ला यमक? बाराखडीत काही येईना. यादीनं 'फरफट, खटपट, चिकट, पोरकट' दिलं. 'फरफट' तर अगदी हाताशी आलेला, आणि घेतला असता तर 'जिवाची फरफट' होऊन कविता परत जीव आणि निराधाराच्या रस्त्याला लागली असती. वर अक्षरंही सात होत होती, हे बरं झालं.

मग वाक्य नीट बोलून बघितलं : पाचटानं हात उसवले. शिवण उसवते तसे. आता शेवटी पाचट नाही, 'हात' आहे. 'हात' ला यमकं ढिगानं. बाराखडीत 'रात' आली. कडवं झालं :

कोयता उशाला । जागलेली रात ।
पाचटानं हात । उसवले ॥

'पाचट' ओळीत राहिलं, फक्त आत सरकलं आणि '-नं' लागून आलं. इंग्रजीसारख्या भाषेत शब्दांची जागा बरीचशी ठरलेली असते. आपल्याकडं प्रत्यय नातं सांभाळतो, त्यामुळं कर्ता-कर्म कुठंही नेऊन ठेवता येतं. यमक अडलं तर शब्द बदलण्याआधी त्याच वाक्याचे दोन-तीन क्रम बोलून बघा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त अडचणी इथंच मिटतात आणि यादी उघडावीच लागत नाही.

मात्र '-ात' मध्ये एक खड्डा आहे. 'शेतात, रानात, मनात, घरात' हे सगळं यमकासारखं ऐकू येतं, पण जुळतो तो प्रत्यय. 'हात' आणि 'रात' जुळवायला काहीतरी शोधावं लागलं. 'शेतात' आणि 'रानात' जुळवायला काहीच लागत नाही, म्हणून ऐकणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही. एका बाजूला मूळ शब्द आणि दुसऱ्या बाजूला प्रत्ययाचा, 'हात' आणि 'रानात', हे मी चालवून घेतो. दोन्हीकडं प्रत्यय आला की खोडतो. जात्यावरच्या ओवीत बायका हे सर्रास करतात आणि ते गोड लागतं, पण तिथं जात्याची घरघर आणि गळा असतो. कागदावर उघडं पडतं.

आणि कधी यादीतलाच शब्द घ्यावा लागला, दुसरा इलाजच नसला, तर तो दुसऱ्या चरणात ठेवा आणि स्वतःचा शब्द तिसऱ्यात. ऐकणारा दुसऱ्या चरणाशी यमकाची वाट बघत नसतो, तो शब्द अर्थाच्या ओघात निघून जातो. तिसऱ्याशी मात्र कान टवकारलेला असतो. तिथं ओढून आणलेला शब्द आला की लगेच पकडला जातो.

समानार्थी शब्दांच्या कोशाचं मी उलटं करतो. तो मी शब्द बदलायला उघडत नाही, माझा शब्द का बदलता येत नाही ते बघायला उघडतो. 'उचल' घ्या. जवळचे शब्द काय मिळतील? कर्ज, उधार, आगाऊ रक्कम, अग्रिम, बयाणा, इसार. आता एकेक तपासा. कर्जाला व्याज आणि सावकार किंवा बँक. उधार दुकानात होते, वस्तूवर होते. इसार जमिनीच्या सौद्यात, बयाणाही सौदा पक्का करायला. अग्रिम सरकारी कागदावर, दिवाळीला नोकरदाराला मिळतो तो. उचल यातलं काहीच नाही. अजून न केलेल्या कामाची मजुरी मुकादमाकडून आधी घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची, फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच टोळीत जायचं. शिवाय 'उचल' मध्ये उचलणं आहे, आणि पुढं सगळा हंगाम मोळ्या उचलण्यातच जातो. कोशानं मला हे सांगितलं नाही, पण त्याच्या यादीवर फुली मारत गेल्यावर मला कळलं की माझ्या शब्दात काय काय आहे. त्यातूनच पुढचं एक कडवं सुचलं, ज्यात 'उचल' आणि मोळीची उचल एकत्र येते.

'कोयता' चंही तेच. समानार्थी म्हणून 'विळा' मिळेल. विळ्यानं ज्वारी-गवत कापतात, ऊस नाही. आणि ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, "किती कोयते आहेत?" म्हणजे किती जोड्या. 'विळा' घातला की ही जोडी कवितेतून नाहीशी होते. 'कोपी' ची 'झोपडी' करू नका, 'कुटी' तर नकोच, तिथं ऋषी येऊन बसतील.

म्हणजे तत्सम शब्द कधीच नको असं नाही. तुमच्या कवितेत मध्येच कारखान्याची नोटीस बोलत असेल, करारनामा वाचला जात असेल, तर तिथं 'अग्रिम' च हवा, 'उचल' तिथं खोटी वाटेल. प्रश्न एवढाच की त्या ओळीत कोण बोलतंय.

शब्दाची छटा तपासायला मी नुसत्या समानार्थी याद्यांपेक्षा जुने मोठे कोश वापरतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, dsal.uchicago.edu वर फुकट बघता येतो. तो दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे, पण त्यात शेतीचे आणि बोलण्यातले शब्द भरपूर आहेत आणि ते कसे वापरतात तेही दिलेलं असतं. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात वापराची उदाहरणं मिळतात. नुसती यादी शब्दांना एका रांगेत उभं करते, हे कोश त्यांच्यात फरक करतात. तुम्हाला हवा आहे तो फरक.

एक उलटा धोका पण सांगून ठेवतो. आईचं ऐकून तुम्ही आता 'मराठवाडी शब्दांची यादी' शोधायला जाल आणि कवितेत जागोजागी पेराल. ते 'निराधार' इतकंच उसनं होईल. मराठवाड्याची बोली एक नाही. लातूर-नांदेडकडं "काय करायलास?" विचारतात, आष्टी-पाटोद्याकडं बोलण्याला नगरचं वळण आहे. तुमच्या घरात 'करायलाय' कोणी म्हणत नसेल तर कवितेतही नको. कोणाच्या तोंडून ऐकलाय, हा प्रश्न इथंही लागू आहे.

सगळ्यात उपयोगी साधन मात्र तयार मिळत नाही, ते करावं लागतं. आईला बोलतं करा, फोनवर रेकॉर्ड करा. ओव्या, भांडणं, हिशेब, टोळीतल्या आठवणी, काहीही. मग ऐकत ऐकत शब्द जसे बोलले तसेच लिहा, प्रत्ययासकट : 'ऱ्हालं', 'पाचटानं', 'कोपीत', 'मागं'. वहीत लिहिणार असाल तर शेवटच्या अक्षरानुसार पानं करा. संगणकावर असाल तर एका ओळीवर एक शब्द असं shabda.txt नावानं ठेवा. मग लिनक्सवर एवढं पुरतं :

```
rev shabda.txt | LC_ALL=C sort | rev
grep 'लं$' shabda.txt
```

पहिली ओळ सगळे शब्द शेवटाकडून लावून देते, म्हणजे 'दार' आणि 'शिवार' जवळ येतात. दुसरी ओळ 'लं' नं संपणारे तेवढेच काढते. 'णं', 'लं', 'तंय' ही जी यमकं छापील यादीत मिळत नाहीत, ती इथं मिळतात. माझ्या फाईलमध्ये बाराशेच्या आसपास शब्द आहेत. कमी वाटतील, पण त्यातल्या प्रत्येकाचा बोलणारा मला माहीत आहे.

अर्थात या फाईललाही सगळं येत नाही. 'उसाचं हे वाढं' असा एक चरण आहे माझ्याकडं. उसाचा वरचा हिरवा शेंडा, तो बांधून चाऱ्याला विकायचा, आईचे हातखर्चाचे पैसे त्यातनंच यायचे. 'वाढं' आत सरकवून बघितलं, ते शेवटीच शोभतं. बाराखडी झाली, फाईल झाली. यादीत 'गाढं' मिळालं, पण आमच्या घरात 'गाढं' कोणी म्हटलेलं मला आठवत नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "वाढ्याला वाढंच म्हणत्यात, दुसरं काय म्हणणार?" त्या चरणापुढं अजून रेघ आहे.